ग्लासातला कांदा: फुटतोय की कुजतोय?

(दृश्य: फोंड्यातलं एक स्वयंपाकघर, जुलैचा पाऊस, खिडकीजवळच्या फळीवर तीन काचेचे ग्लास.)

तर ही आमची किचनमधली फळी. पहिल्या ग्लासात कांद्याचं बूड, दुसऱ्यात आल्याचा तुकडा, आणि तिसऱ्यात लेट्यूसचा बुंधा, जो आपण पानं खुडून झाल्यावर कचऱ्यात टाकतो तोच. तिन्ही एकाच दिवशी पाण्यात ठेवले. पाचव्या दिवशी सकाळी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवायला आले तर नाकात एक वास गेला, म्हटलं झालं, गेला कांदा.

शेजारच्या काकी तेवढ्यात वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या, "आगे, कांदो कुसला तुजो!" मी म्हटलं, काकी, पण बघा ना, केवढा कोंब आलाय. आणि खरंच आला होता, चांगला चार बोटं उंच, हिरवागार.

आता हा व्हिडिओ याच भांडणाबद्दल आहे. कोंबही आहे आणि वासही आहे. मग कोणाचं खरं मानायचं?

(दृश्य: माळेतला कांदा, जवळून.)

आधी हा कांदा कुठला ते सांगते. मे महिन्यात पुरुमेंतासाठी घेतलेल्या माळेतला आहे. पावसाळ्याची बेगमी म्हणून गोव्यात घराघरात कांद्याच्या माळा घेतात, पूर्वी चुलीच्या वर टांगायचे, धुरानं कोरड्या राहायच्या. आता चूल नाही, माळ बाल्कनीत टांगलेली, आणि जुलै उजाडला की दमट हवेत त्यातले चार-पाच कांदे आपोआप कोंब काढतात. पाणी नाही, माती नाही, तरी कोंब. कारण कांदा म्हणजे झाडानं पुढच्या वेळेसाठी साठवलेला डबाच आहे, त्यातलंच खाऊन कोंब वर येतो.

म्हणजे बुडाला एकही नवीन मूळ नसताना, अगदी बूड खालून कुजत असतानाही कोंब काही दिवस वाढत राहू शकतो. त्यातून आपण कांदा आडवा कापलेला असतो, तर मधल्या कोवळ्या पात्या एक-दोन दिवसांतच कापलेल्या भागातून वर सरकतात, दुर्बिणीची नळी बाहेर ओढावी तशा. आपण फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, सगळे अंगठे दाखवतात. खाली काय चाललंय ते कोणी बघत नाही.

म्हणून मी कोंबाकडे बघणं सोडलंय. कांदा उचलते आणि उलटा करते.

(दृश्य: हातात उलटा धरलेला कांदा.)

हे बूड बघा. मधोमध ही कडक गोल चकती आहे ना, कांद्याचं खरं खोड म्हणजे हे एवढंच, बाकी सगळ्या पाकळ्या म्हणजे पानंच. मुळं इथूनच फुटतात. आणि इथे पहिल्यांदा बघणारा हमखास फसतो, कारण बाजारातल्या कांद्याला आधीच वाळलेली मुळं असतात, तपकिरी दाढीसारखी. ती मेलेली असतात. पाण्यात ठेवली की ती फुगतात, मऊ होतात, लांबल्यासारखी वाटतात, आणि मग आपणच म्हणतो मुळं आली. ती आधीच कात्रीनं काढून टाकायची, नाहीतर सगळ्यात आधी तीच कुजतात आणि पाणी पिवळट करतात. मी यावेळी विसरले होते, खरं सांगते.

नवीन मूळ वेगळं दिसतं. पांढरंशुभ्र, टोकाला निमुळतं, गुळगुळीत, चकतीच्या कडेनं गोलाकार पांढरे ठिपके आल्यासारखी सुरुवात होते, साधारण दोन ते चार दिवसांत. बोटानं हलकंच ओढलं तर हाताला ताण लागतो. कुजलेलं मूळ ओढलं तर वरचं साल बोटात येतं आणि आत नुसता दोरा राहतो. माझ्या कांद्याला सात-आठ नवीन मुळं होती, अर्धा-पाऊण इंच, सगळी ताणाला टिकली.

मग वास कुठून येत होता?

नखानं चकती दाबली. कडक. सुक्या खोबऱ्यावर नख टेकवल्यासारखं. मग बाजूची सर्वात बाहेरची पाकळी दाबली तर ती बोटाखाली सरकली, बुळबुळीत, पाणी सुटलेली. तिथे सापडला चोर. मी ग्लासात पाणी जास्त भरलं होतं, बूड अर्ध्या इंचाहून खाली बुडालेलं, आणि कापलेल्या पाकळ्यांच्या कडा पाण्यात भिजत होत्या. अशा ओल्या, जखमी जागी बॅक्टेरिया बसतात आणि पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळवतात, म्हणून ती जागा आधी मऊ पडते आणि मग लिबलिबीत होते. त्यात आपली हवा ही अशी, कापलेला भाग सुकायलाच तयार नाही.

वासातही फरक असतो, तो एकदा कळला की पुन्हा विसरत नाही. कांद्याचा स्वतःचा वास डोळ्यांत जातो, झोंबतो. कुजल्याचा वास झोंबत नाही, गटारासारखा जड असतो आणि तोंड आपोआप मागे जातं. मी ती बाहेरची पाकळी आणि तिच्या आतली अर्धी मऊ झालेली, दोन्ही काढून टाकल्या, बूड नळाखाली धुतलं, पुन्हा वास घेतला. नुसता कांदा.

तरी काकींना पटलं नाही. "फाल्यां पळय," म्हणाल्या. म्हणजे उद्या बघ. आणि ते बरोबरच होतं, कारण खरी परीक्षा पाण्याचीच. ग्लास गरम पाण्यानं घासून घेतला, नवीन पाणी घातलं, यावेळी फक्त चकती टेकेल एवढंच, आणि वेळ लिहून ठेवली. गढूळ पाणी दिसलं की लोक घाबरतात, पण पहिल्या दोन दिवसांत कापलेल्या भागातून रस उतरतो त्यानं पाणी गढूळ होतंच. बघायचं हे की बदललेलं पाणी परत किती वेळात गढूळ होतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत स्वच्छ राहिलं तर बूड जिवंत आहे. सकाळी बदललं आणि संध्याकाळी पुन्हा दुधाळ, वर वासही, तर चकतीच गेलीय, मग त्याला खतात टाकायचं, पाकळ्या सोलत बसायचं नाही.

माझं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ होतं. काकींना ग्लास नेऊन दाखवला.

(दृश्य: आल्याचा तुकडा.)

आल्याची गोष्ट एकदम उलटी. कांदा चार दिवसांत काय ते सांगतो, आलं तीन-चार आठवडे तोंड उघडत नाही आणि तेवढ्या वेळात पाण्यात त्याचं काहीही होऊ शकतं. मला विचाराल तर आलं पाण्यात ठेवूच नये. आल्याला कुजवणाऱ्यांपैकी पिथियम नावाचा एक बुरशीसारखा जीव आहे, त्याचे बीजाणू चक्क पाण्यात पोहतात, आपण त्यांना ग्लासभर तलाव देतो. पण लोक ठेवतात, मीही ठेवलं, तर कसं ओळखायचं ते बघू.

डोळा बघायचा. आल्याच्या बोटाच्या टोकाशी फुगीर, टोकदार, पिवळट किंवा किंचित हिरवट-गुलाबी गाठ आली आणि ती दाबल्यावर टणक लागली, तर तो कोंब. कापलेल्या भागावर पांढरं काही दिसलं तर काडीनं टोचा. मूळ जाड आणि गुळगुळीत असतं, टोचल्यावर तसंच उभं राहतं, बुरशी कापसासारखी असते आणि काडी लागताच चेपते. आणि अंगठ्यानं सगळीकडून दाबायचं. सुकलेलं आलंही मऊ लागतं, पण ते सुरकुतलेलं असतं, वाकतं, आल्याचाच वास मारतं. कुजलेलं दाबलं की साल सरकते आणि पाणी सुटतं.

माझ्या तुकड्याचं एक टोक असंच झालं होतं, नवव्या दिवशी. दुसऱ्या टोकाला मात्र छान टणक डोळा. कापत गेले, तपकिरी पाणचट भाग संपून स्वच्छ पिवळा गर दिसेपर्यंत, आणि त्याच्याही पुढे बोटभर जास्त. उरलेला डोळ्याचा तुकडा दोन दिवस पंख्याखाली सुकवला, कारण आमच्याकडे जुलैमध्ये आपोआप काही सुकत नाही, आणि मग ओलसर रेतीत नुसता टेकवला. पाणी संपलं त्याच्यासाठी.

(दृश्य: लेट्यूस.)

लेट्यूसवर फार बोलत नाही. बुंध्याची कापलेली जागा गुलाबीसर-तपकिरी होते, ते बघून लोक फेकून देतात, ती घाई आहे. लेट्यूसमधून पांढरा चीक निघतो, आणि कापलेली जागा हवेत लालसर पडतेच, कापलेलं सफरचंद पडतं तशी. खालून पातळ चकती कापा. आत पांढरं दिसलं तर ठीक, तपकिरी रंग मधूनच वर चढत गेलेला दिसला तर संपलं. माझ्या बुंध्याला मधोमध सहा नाजूक पानं आली होती, इतकी गोड, आणि खालून कापलं तर तपकिरी खांब थेट पानांपर्यंत. मुळं एकही नव्हती. ती पानं खाल्ली नाहीत, वास मारणाऱ्या पाण्यात उभं राहिलेलं कच्चं कशाला खायचं. तसंही इथल्या उकाड्यात तो बुंधा थोड्याच दिवसांत उंच दांडा काढतो आणि पानं कडू होतात.

हां, एक राहिलंच. पाणी एक दिवसाआड बदलायचं ते फक्त कुजू नये म्हणून नाही. पावसाळ्यात गोव्यात डास आठवड्याभरात तयार होतात आणि डेंग्यूच्या डासाला असा अर्धा ग्लास स्वच्छ पाणी पुरतं. काकींचा खरा राग त्यावरच होता, हे मला नंतर कळलं.

(दृश्य: बाल्कनीतली कुंडी, पागोळ्यांचा आवाज.)

बाराव्या दिवशी कांदा कुंडीत लावला, चकती मातीत आणि कोंब बाहेर. काल त्याची पात कापून पोह्यांवर घातली. काकींनाही वाटीभर पोहे पाठवले, वाटी अजून परत यायची आहे.