ग्रंथीभोवती वर्तुळ काढता येतं का? : प्रोस्टेट बायोप्सीतला ग्रेड वाचताना

पडद्यावर जी सुतळीसारखी गुलाबी पट्टी दिसते आहे, तो सुईने काढलेला प्रोस्टेटचा एक तुकडा, म्हणजे कोअर. लांबी १४ मिलिमीटर, रुंदी जेमतेम एक. एवढ्याशा पट्टीत आज आपल्याला डावीकडून उजवीकडे चालत जायचं आहे. वाटेत ग्रंथींची रचना कशी बिघडत जाते ते पाहू आणि शेवटी हिशेब करून ग्रेड लिहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बहुतेक गाठींचा ग्रेड ठरवताना पेशीचं केंद्रक किती विचित्र आहे आणि विभाजन किती चाललंय हेही बघतात. प्रोस्टेटमध्ये तसं नाही. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलेली पद्धत फक्त रचनेवर उभी आहे: ग्रंथी सुट्या आहेत की एकमेकींत मिसळल्यात, की ग्रंथी उरलेलीच नाही. या बिघाडाच्या पायऱ्यांना पॅटर्न १ ते ५ म्हणतात. म्हणून ग्रेड ठरवायचा तो ४ एक्स आणि १० एक्सच्या भिंगांतूनच. ४० एक्स लावायचा तो 'हा कॅन्सर आहे का' या प्रश्नासाठी. जो थेट ४० वर जातो, त्याला झाडं दिसतात, रान दिसत नाही; आणि इथे ग्रेड रानाला द्यायचा असतो.

डावीकडचे पहिले सहा मिलिमीटर निरोगी आहेत. ग्रंथी मोठ्या आहेत, त्यांच्या पोकळीची कड नागमोडी आहे, आत घड्या पडल्यात. भिंतीत पेशींचे दोन थर आहेत: आत उंच, फिकट स्रावी पेशी आणि त्यांच्या बाहेर चपट्या, गडद बेसल पेशी. हा बाहेरचा थर लक्षात ठेवा. पुढच्या आठ मिलिमीटरमधल्या गाठीच्या ग्रंथींत तो कुठेच सापडणार नाही. शंका आली तर पी-६३ किंवा हाय मॉलिक्युलर वेट केराटिनचं इम्युनो करून तो आहे की नाही हे तपासता येतं.

सहाव्या मिलिमीटरनंतर चित्र पालटतं. ग्रंथी एकदम लहान होतात आणि त्यांची आतली कड चाकूने कापल्यासारखी सरळ, टोकदार दिसते. दोन मोठ्या निरोगी ग्रंथींच्या मधल्या जागेत या लहान ग्रंथी घुसल्या आहेत. आता मनातल्या मनात पेन घ्या आणि एकेका ग्रंथीभोवती वर्तुळ काढा. प्रत्येकीला स्वतःची पोकळी आहे, दोघींच्या मध्ये स्ट्रोमाची, म्हणजे ग्रंथींना धरून ठेवणाऱ्या आधार-ऊतीची, एक तरी रेघ आहे, पेन कुठेही अडत नाही. हा पॅटर्न ३. ग्रंथींच्या आकारात फरक असला, एखादी वाकडी किंवा फांदी फुटलेली असली, तरी हरकत नाही. पॅटर्न १ आणि २ सुईच्या बायोप्सीवर आता देत नाहीत, त्यामुळे मोजणी तीनपासूनच सुरू होते.

सगळ्यात उजवीकडचे दोन मिलिमीटरही तसे सोपे आहेत. तिथे पेन अडतं. ग्रंथी एकमेकींना चिकटून त्यांची साखळी झाली आहे. एक कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही, कारण मधला स्ट्रोमाच नाहीसा झाला आहे. त्यांच्या शेजारी पेशींचा एक मोठा सलग गोळा आहे आणि त्याला चाळणीसारखी भोकं पडली आहेत. याला क्रिब्रीफॉर्म म्हणतात. भोकं अनेक, पण त्यांच्यामध्ये स्ट्रोमा कुठेच नाही, ही त्याची खूण. हे दोन्ही पॅटर्न ४. मात्र क्रिब्रीफॉर्म आहे का नाही हे रिपोर्टमध्ये वेगळं लिहायचंच, कारण चारच्या इतर रूपांपेक्षा त्याची वागणूक वाईट असते. एक सावधगिरी: अशा चाळणीच्या कडेला बेसल पेशींचा थर टिकून असेल, तर ती गाठ जुन्या नलिकेच्या आत वाढलेली, म्हणजे इंट्राडक्टल असू शकते. नुसत्या नेहमीच्या रंगवलेल्या कापावर ते ठरत नाही, तिथे इम्युनो लागतं.

आता मधले तीन मिलिमीटर. खरी भांडणं इथे होतात. इथे ग्रंथी सुट्याच आहेत, पण काहींना पोकळी नाही. पाच-सात पेशींचे भरीव ठिपके दिसतात, कुठे पोकळीची नुसती चीर. अर्धवट घडलेल्या ग्रंथी हेही पॅटर्न ४ चंच एक रूप आहे, त्यामुळे हात आपोआप चारकडे जातो. थांबा. हातमोज्याचं बोट डोळ्यांसमोर आणा. मध्यावर आडवं कापलं तर कडं मिळतं, मध्ये पोकळी. टोकाचा फक्त शेंडा छाटला तर नुसती चकती मिळते. बोट तेच, काप वेगळा. आपला काप चार-पाच मायक्रॉनचा असतो; पॅटर्न ३ च्या चांगल्या घडलेल्या ग्रंथीची फक्त भिंत तासली गेली, तर तीही भरीव ठिपका होऊन समोर येते.

फरक ओळखायला दोन गोष्टी बघा. पहिली, ठिपक्यांचे शेजारी कोण आहेत. चांगल्या पोकळीच्या ग्रंथींच्या मध्येच दोन-चार ठिपके विखुरलेले असतील तर ते बहुधा तासलेले तीन. ठिपक्यांचा स्वतःचा थवा असेल, आसपास नीट घडलेली ग्रंथी नसेल, तर चार. दुसरी, त्याच ब्लॉकचे खोलवरचे काप, म्हणजे लेव्हल्स. आपल्या कोअरमध्ये पुढच्या लेव्हलवर बघा: त्याच जागी ठिपक्यांच्या पोकळ्या उघडल्या आहेत. म्हणजे हे तीन मिलिमीटर पॅटर्न ३. लेव्हल्स संपल्या आणि शंका उरलीच, तर खालचा ग्रेड द्यावा असं माझं मत आहे. कोअरच्या कडेला दबून चिरडलेल्या पेशींवर तर ग्रेड देऊच नये.

पाच शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाचमध्ये ग्रंथी बनवायचा प्रयत्नच थांबलेला असतो: सुट्या पेशी, एकेरी रांगा, पोकळी नसलेले थर, किंवा गोळ्याच्या मधोमध पेशी मरून झालेला चुरा. सुट्या पेशी कमी ताकदीवर सहज निसटतात, लिम्फोसाइट वाटतात. म्हणून स्ट्रोमा जिथे उगाच पेशीबहुल दिसतो तिथे एकदा मोठं भिंग लावायचं. या कोअरमध्ये पाच नाही.

आता हिशेब. गाठ एकूण आठ मिलिमीटर. डावीकडे तीन निर्विवाद पॅटर्न ३, मधले तीन लेव्हल्सनंतर पॅटर्न ३, उजवीकडे दोन पॅटर्न ४. म्हणजे सहा विरुद्ध दोन: ग्लीसन ३+४=७, ग्रेड ग्रुप २, पॅटर्न ४ चं प्रमाण २५ टक्के. तेच मधले तीन मिलिमीटर घाईने चारमध्ये टाकले असते, तर तीन विरुद्ध पाच: ४+३=७, ग्रेड ग्रुप ३, प्रमाण साठ टक्क्यांच्या वर. बेरीज दोन्हीकडे सातच. पण उपचार ठरवताना हे दोन सात एक धरत नाहीत, म्हणूनच नुसतं 'ग्लीसन ७' लिहिलेला रिपोर्ट अपुरा.

बायोप्सीत आणखी एक नियम आहे. सर्वांत जास्त असलेला पॅटर्न पहिला लिहायचा आणि दुसरा म्हणून सर्वांत वरचा, तो कितीही थोडा असला तरी. याच कोअरमध्ये पाचचा एक छोटा पुंजका सापडला असता, तर ३+५ लिहून खाली चारचा उल्लेख करावा लागला असता. उलट बाजूने, चार भरपूर आणि तीन पाच टक्क्यांहून कमी असेल, तर ते तीन सोडून द्यायचं.

या कोअरची रिपोर्टमधली ओळ अशी होईल: अ‍ॅसिनार अ‍ॅडिनोकार्सिनोमा, ग्लीसन ३+४=७, ग्रेड ग्रुप २, पॅटर्न ४ सुमारे २५ टक्के, क्रिब्रीफॉर्म रचना आहे, गाठ १४ पैकी ८ मिलिमीटर.