आजोबांची एकुलती एक सून

(वाचनालयाच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान, बोलण्यातली पुनरुक्ती काढून इथे दिलं आहे.)

नमस्कार. मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? मग सुरुवातीलाच एक कोडं घालते. माझ्या आजोबांची एकुलती एक सून माझी कोण?

"आई!" अर्धं सभागृह ओरडलं. बरोबर. पण त्या खिडकीजवळच्या काकू मान हलवताहेत. बोला काकू. "मामी." तेही बरोबर! वडिलांचे वडील असतील तर त्यांची सून माझी आई, आणि आईचे वडील असतील तर मामी. हिंदीत दादा आणि नाना असे दोन शब्द आहेत, तिथे हे कोडं घालताच येणार नाही. आपण मात्र दोघांनाही आजोबाच म्हणतो, आणि पुढच्याच पायरीवर काका-मामा, आत्या-मावशी असे चार वेगळे शब्द काढतो. आजचा विषय हाच आहे. घरच्या वंशावळीचा फोटो समोर ठेवायचा, त्यातल्या प्रत्येकाला नात्याचं नाव द्यायचं, आणि आईकडची बाजू बाबांकडच्या बाजूपासून वेगळी काढायची. आईकडच्या बाजूवर मी जास्त बोलणार आहे, कारण तीच नेहमी राहून जाते.

त्याआधी एक गोष्ट सांगते, कारण हे सगळं माझ्या डोक्यात तिथूनच शिरलं. माझी एक भाची परदेशात असते. आता भाची म्हटल्यावर तुम्हाला कळलं का, ती माझ्या भावाची मुलगी की बहिणीची? नाही कळलं. मी बाई आहे, मला दोघांचीही मुलं भाचरंच. हेच वाक्य माझा भाऊ बोलला असता तर ती बहिणीची मुलगी असणार, कारण भावाच्या मुलीला तो पुतणी म्हणेल. आत्या, मामा, मावशी या तिघांच्या उलट बाजूला भाचा-भाची येतात. पुतण्या फक्त काकाचा. काकूचाही, पण काकाच्या नात्याने. एवढं घट्ट बसवलेलं आहे हे.

तर ही माझ्या बहिणीची मुलगी. तिच्या बाबांच्या गावच्या घरात माजघरात एक वंशावळ टांगलेली आहे. जाड कागद, काळी शाई, लाकडी चौकट, वर काच. तिच्या आजोबांनी स्वतः काढलेली. पूर्वीच्या वंशावळींत मुली बहुधा नसायच्याच, बापाखाली मुलगे आणि मुलग्यांखाली नातू. या आजोबांनी मात्र मुली लिहिल्या, जावयांसकट लिहिल्या. भाची सुट्टीला आली तेव्हा तिने फोनवर त्याचा फोटो काढला आणि तिकडे गेल्यावर आपल्या मुलांसाठी प्रत्येक नावाखाली नातं लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर तो फोटो मला पाठवला.

नावं बदलून सांगते. आजोबा गोविंदराव. त्यांच्याखाली तीन मुलं: माधव, म्हणजे भाचीचे बाबा, मग सुमन, मग शरद. सुमनच्या शेजारी गजानन असं नाव. भाचीने गजाननच्या खाली 'काका' लिहिलं, सुमनच्या खाली 'काकू', आणि त्यांच्या मुलाला 'चुलत भाऊ'. मी उडालेच. सुमन तिची सख्खी आत्या!

मी फोन केला. ती म्हणाली, "मावशी, अगं आम्ही त्यांना गजाननकाकाच म्हणतो." खरंच आहे. आत्याचे यजमान ते आतोबा, पण शहरातल्या घरांत त्यांना काका म्हणतात. मावशीच्या यजमानांना, म्हणजे मावसांनाही काका, शेजाऱ्यांनाही काका, रिक्षावाल्यालाही काका. देशावर तर आत्याच्या यजमानांना 'मामा' म्हणणारी घरं आहेत. हाक ऐकून नातं लिहायला बसलात तर बाबांकडचा माणूस आईकडच्या रकान्यात जाऊन बसेल. हाक वेगळी, नातं वेगळं, हे तेवढं घट्ट धरून ठेवा.

पण फक्त हाकेनं ती चुकली नव्हती. मी फोटो मोठा करून पाहिला. काचेवर फ्लॅशचा पांढरा गोळा पडलेला, आणि तो नेमका सुमन-गजानन या जोडीच्या वर. वरून येणारी रेघ कुणाच्या डोक्यावर उतरते तेच दिसेना. दोघांपैकी त्या घरात जन्मलेलं कोण आणि लग्नानं आलेलं कोण, हे ती रेघच सांगते. रेघ डोक्यावर असेल तर घरचा माणूस. नुसतंच शेजारी, दोन आडव्या रेघांनी जोडलेलं नाव असेल तर जावई किंवा सून. भाचीला रेघ दिसली नाही, मग तिनं गृहीत धरलं की पुरुष घरचा आणि बाई बाहेरून आलेली. वंशावळी वाचताना होणारी ही सगळ्यात मोठी चूक आहे, आणि चांगली शिकलेली माणसं ती करतात.

मग मी तिच्या धाकट्या काकांना, शरदला, पुन्हा फोटो काढायला लावला. काय केलं ते सांगते, घरी उपयोगी पडेल. चौकट भिंतीवरून उतरवली. दाराजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा उजेडात उभी ठेवली. फ्लॅश बंद. समोरच्या पांढऱ्या भिंतीचं प्रतिबिंब काचेत पडत होतं, म्हणून फोटो काढणाऱ्याच्या मागे एक गडद चादर धरली. फोन कागदाला समांतर, तिरका नाही, कारण तिरक्या फोटोत एका पिढीची ओळ वर चढते आणि भाऊ चुलत्यासारखा दिसायला लागतो. आधी अख्ख्या झाडाचा एक फोटो, मग जवळून चार, प्रत्येकात शेजारच्या तुकड्याची थोडी किनार येईल असे. त्या जवळच्या फोटोत दिसलं: रेघ सुमनच्या डोक्यावर, आणि गजाननच्या पुढे कंसात वेगळं आडनाव. काका असता तर आडनाव तेच असतं. आत्या, आतोबा, आतेभाऊ. तिन्ही दुरुस्त झाले.

आणि मग मला त्या फोटोत दुसरी गोष्ट दिसली. माधवच्या शेजारी लिहिलं होतं, 'सौ. सुनंदा'. ही माझी बहीण. तिच्या डोक्यावर रेघ नाही. नसणारच, ती सून. पण तिचं माहेरचं नाव मंदाकिनी. लग्नात तांदळावर नवीन नाव लिहिलं आणि मंदाकिनी त्या कागदावरून गेली. तिचे आई-वडील, आमचा भाऊ, मी, आमच्यापैकी कुणीच त्या झाडात नाही. भाचीनं इतक्या नावांखाली नाती लिहिली होती, आणि त्यात मामा एकही नव्हता, मावशी एकही नव्हती. मला वाईट वाटलं, हे मोकळेपणानं सांगते. ज्या आजोळी ती दर मे महिन्यात यायची, त्या घराला तिच्या मुलांच्या कागदावर जागाच नव्हती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. म्हणजे मुख्य भाग भराभर सांगावा लागणार.

आईकडची बाजू त्याच फोटोत शोधू नका, ती तिथे नसते. झाडात जी जी बाई रेघेशिवाय उभी आहे, तिथून दुसरं झाड सुरू होतं. दुसरा कागद घ्या, खाली आईचं नाव लिहा, पण माहेरचं, आणि सासरचं कंसात. नाहीतर दोन कागद एकमेकांना कधीच जुळणार नाहीत. वर तिचे आई-वडील. त्यांना शब्द आजी-आजोबाच, म्हणून गावाचं नाव लावा: साताऱ्याची आजी, वाईची आजी. घरात आपण तसंच बोलतो. मग आईचे भाऊ मामा, त्यांच्या बायका मामी, बहिणी मावशी, त्यांचे यजमान मावसा.

आता भावंडं. एकच प्रश्न विचारायचा: दोघांच्या आईबापांपैकी सख्खी भावंडं कोण? दोन भाऊ असतील तर त्यांची मुलं चुलत. दोन बहिणी असतील तर मावस. ही दोन्ही नाती दोन्हीकडून सारखी, मी तुझी मावसबहीण तर तूही माझी मावसबहीणच. पण एक भाऊ आणि एक बहीण असेल तर नातं दोन टोकांना दोन नावं घेतं. भाचीचा तो आतेभाऊ, पण त्याची ती मामेबहीण. म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक नातं उलटं वाचून बघा. एका टोकाला आते आलं तर दुसऱ्या टोकाला मामे यायलाच हवं. दोन्हीकडे आते आलं तर रेघ कुठेतरी चुकली आहे.

आते-मामे असा भेद भाषेनं का जपला? देशावर अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, चुलत आणि मावस भावंडांत नाही चालत. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर लिहिताना महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हणून मांडला, त्याचं हे एक कारण. अशा घरात सुनेची सासू ही तिची आत्याच असते. नवीन सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्यांना 'मामंजी' म्हणायची, ती हाक इथे लख्ख समजते. मघाशी आत्याच्या यजमानांना मामा म्हणणारी घरं सांगितली ना, तीही इथेच बसतात. तुमच्या दोन कागदांवर एकच माणूस दोनदा आला तर खोडू नका. दोन्हीकडे ठेवा, दोन्ही नाती लिहा, आणि मध्ये तुटक रेघ काढा.

सावत्र आणि दत्तक राहिलं. दत्तकाला दोन रेघा, एक जन्मघराची आणि एक दत्तकघराची, एवढंच आज सांगते.

भाचीनं दुसरा कागद पाठवला गेल्या महिन्यात. मंदाकिनी, कंसात सुनंदा, डोक्यावर रेघ. माझ्या नावाखाली 'मावशी' लिहिलंय.

वेळ संपली. ज्यांनी घरून फोटो आणलेत त्यांनी पुढे या, त्या खिडकीपाशी बसू, तिथे उजेड बरा आहे. आईचं माहेरचं नाव ज्यांना आठवत नाही त्यांनी आधी घरी एक फोन करून घ्या.