पायरीच्या आधीचं वाक्य

यूट्यूब स्टुडिओत रिटेन्शनचा आलेख, म्हणजे व्हिडिओच्या कुठल्या क्षणी किती प्रेक्षक टिकलेत ते दाखवणारी रेषा, उघडला की सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटातली घसरण बघून अनेकांचा जीव खाली-वर होतो. ती थोडीफार सगळ्यांचीच होते, तिचं आज सोडून देऊ. मला बोलायचंय ते मधेच येणाऱ्या पायरीबद्दल. रेषा बऱ्यापैकी सपाट चाललेली असते आणि एका जागी धपकन उतरते. इथे आधी बघायचं, ती पुढे परत वर येते का? आली, तर लोकांनी तेवढा तुकडा पुढे ढकललाय. तो छाटला की भागतं. नाही आली, तर माणसं गेली. मग स्क्रिप्टला हात घालावा लागतो.

आमच्याकडे आलेली एक स्क्रिप्ट घ्या. विषय, सातबाऱ्यावरचा कर्जाचा बोजा कसा कमी करायचा. पायरी १:४० ला. तिथे निवेदक म्हणतो, ‘आता फेरफार म्हणजे काय, ते समजून घेऊ.’ सगळ्यांनी त्याच वाक्यावर बोट ठेवलं. व्याख्या कंटाळवाणी, काढा म्हणाले. पण ऐकून, मनात ठरवून, व्हिडिओ बंद करेपर्यंत काही सेकंद जातातच. म्हणून मी पायरीच्या आधीचा मजकूर वाचतो. १:३० ला वाक्य होतं, ‘कर्ज फेडलं, बँकेचा नो ड्यूज दाखला घेतला, तलाठ्याकडे अर्ज दिला, की बोजा निघतो.’ झालं की! माणूस ज्यासाठी आला होता, ते घेऊन गेला.

मग उत्तर शेवटपर्यंत दाबून ठेवायचं? मला ते पटत नाही; प्रेक्षक वैतागून आणखी आधी जातो. शिवाय ते उत्तर अर्धवटच होतं. अर्जानंतर तलाठी फेरफार धरतो, नोटीस निघते, आणि मंडळ अधिकाऱ्यानं फेरफार प्रमाणित केला तरच बोजाची नोंद कमी होते. म्हणून वाक्य असं झालं: ‘दाखला घेऊन अर्ज द्या. पण अर्ज देऊनही बोजा तसाच दिसतोय? हा बघा “इतर अधिकार” रकाना. फेरफार धरलाय, प्रमाणित व्हायचाय.’ पडद्यावर त्याच वेळी तो रकाना. फेरफाराची व्याख्या वेगळी सांगावीच लागली नाही, अडचण सांगताना ती ओघात आली.

चढवलेल्या व्हिडिओची फाइल यूट्यूबवर बदलता येत नाही, फार तर मधला भाग कापता येतो. त्यामुळे हे वाक्य पुढच्या व्हिडिओत जातं, आणि तुलना साधारण तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओशी करायची. व्ह्यूज मोजकेच असतील तर थांबा. चार माणसं उठून गेली तरी रेषा हलते.

आणि हो, हे सगळं करण्याआधी एक तपासा. आठ मिनिटांच्या किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओत मधे जाहिरात लावता येते. ती नेमकी १:३८ ला लावलेली असेल, तर स्क्रिप्टला कशाला दोष देताय? जाहिरात हलवा.