फिजिक्सच्या पेपरचे तीन तास: आधी कोणता सेक्शन, न्यूमेरिकलला किती मिनिटं

नमस्कार श्रोतेहो. आणि विशेषतः कराड, वाई, कोरेगाव, इस्लामपूर, तासगाव, जत इथं बारावी सायन्सची तयारी करणाऱ्या मुलामुलींनो, नमस्कार. आज अभ्यास काय करायचा यावर बोलणार नाही. अभ्यास झालाय असं धरून चालू. फिजिक्सचा पेपर हातात पडल्यावर तीन तासांचं काय करायचं, एवढंच बघू.

पेपर ७० गुणांचा, वेळ १८० मिनिटं. सेक्शन ए मध्ये १० बहुपर्यायी प्रश्न आणि ८ एकेका गुणाचे प्रश्न, असे १८ गुण. इथं पर्याय नाही, सगळं सोडवायचं. सेक्शन बी मध्ये दोन गुणांचे १२ प्रश्न, त्यातले कोणतेही ८. सेक्शन सी मध्ये तीन गुणांचे १२, त्यातलेही ८. आणि सेक्शन डी मध्ये चार गुणांचे ५, त्यातले ३.

बहुतेक मुलं ए, बी, सी, डी याच क्रमानं जातात, कारण छापलंय तसं. मग होतं काय, की बी मध्ये दोन-दोन गुणांसाठी पानभर लिहिलं जातं, आणि एक वाजून गेल्यावर डी मधलं चार गुणांचं डेरिव्हेशन अर्ध्यावर राहतं. मंडळाची सूचना एवढीच आहे, की प्रत्येक सेक्शन नव्या पानावर सुरू करा. क्रमाची सक्ती नाही. म्हणून आमचं मत असं, की आधी ए, मग सी, मग डी आणि शेवटी बी.

ए आधी का, तर तिथले गुण सर्वांत कमी वेळात मिळतात. १८ गुणांना २५ मिनिटं पुरतात. फक्त एक पथ्य पाळा. बहुपर्यायी प्रश्नात तुमचं पहिलं उत्तरच धरलं जातं. नंतर खोडून दुसरं लिहिलं तर उपयोग नाही. शिवाय नुसतं अक्षर लिहून किंवा नुसतं उत्तर लिहून गुण मिळत नाही, पर्यायाचं अक्षर आणि त्यापुढचं उत्तर, दोन्ही लिहायचं. त्यामुळं ज्या प्रश्नात शंका आहे, तिथं प्रश्न क्रमांक लिहा, दोन ओळी मोकळ्या सोडा आणि पुढं चला. घाईनं काहीतरी ठोकून दिलं, तर नंतर आठवूनही हात बांधलेले राहतात.

त्यानंतर सी. हा पेपरातला सर्वांत मोठा वाटा, २४ गुणांचा, आणि न्यूमेरिकलही इथं बरेच. डोकं ताजं असताना हे उरकलेलं बरं. मग डी चे तीन प्रश्न. आणि बी शेवटी का? कारण तिथला प्रत्येक प्रश्न पाच मिनिटांचा आहे. शेवटी वेळ कमी पडलाच, तर एखादा दोन गुणांचा प्रश्न जाईल, चार गुणांचा नाही.

आता घड्याळ लावू. अकराला पेपर सुरू. पहिली सात मिनिटं पेन खाली ठेवा आणि फक्त निवड करा. सी च्या १२ पैकी आठांवर, डी च्या पाचांपैकी तिघांवर पेन्सिलीनं मनातल्या मनात नव्हे, प्रश्नपत्रिकेवर बारीक टिंब द्या. टिंबच, बाकी काही लिहू नका. अकरा सातला ए सुरू, अकरा बत्तीसला संपवा. सी ला एक तास, म्हणजे बारा बत्तीसपर्यंत. डी ला ३३ मिनिटं, एक वाजून पाच. बी ला ४० मिनिटं, पावणेदोन. पंधरा मिनिटं हातात उरतात. मंडळ अलीकडे शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं, पण ती हिशेबात धरू नका. धरली की आधीच्या सेक्शनमध्ये तेवढीच सैलाई येते.

आता न्यूमेरिकलकडं येऊ, कारण वेळ खरी तिथं जाते. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. दोन गुणांच्या उदाहरणाला पाच मिनिटं, तीन गुणांच्याला सात ते आठ. ए मधलं एका गुणाचं छोटं उदाहरण दोन मिनिटांत, आणि तिथं लॉग टेबल उघडायची वेळ आली, तर आधी सूत्र पुन्हा बघा. एका गुणासाठी सहसा एवढी आकडेमोड देत नाहीत.

निवडताना डेरिव्हेशन की न्यूमेरिकल? पाठांतराची सवय असलेली मुलं न्यूमेरिकल सोडून देतात. पण तीन गुणांच्या डेरिव्हेशनला आकृती काढून आठ-नऊ मिनिटं सहज जातात, आणि मधली एक पायरी विसरली की पुढचं सगळं लटकतं. न्यूमेरिकल वाचताना दोनच गोष्टी बघा. सूत्र लगेच आठवतंय का? आणि त्या सूत्रात अज्ञात राशी एकच उरतेय का? दोन्हींना होकार असेल, तर टिंब द्या. सूत्रात दोन अज्ञात दिसले, तर दुसरं सूत्र शोधावं लागणार. पर्याय असताना ते ओझं घेऊ नका.

एक उदाहरण सावकाश सोडवू. २७ अंश सेल्सिअसला ऑक्सिजनच्या रेणूंचा आरएमएस वेग काढा. रेणुभार ३२, आर ची किंमत ८.३१४ दिली आहे. समजा हे तीन गुणांना आलंय.

पहिल्या मिनिटात दिलेली माहिती एककांसकट लिहा. तापमान २७ अधिक २७३, म्हणजे ३०० केल्व्हिन. रेणुभार ३२ ग्रॅम प्रति मोल, म्हणजे ३२ गुणिले १० चा वजा तिसरा घात किलोग्रॅम प्रति मोल. इथंच अर्धी मुलं घसरतात. पुढच्या दीड मिनिटात सूत्र, म्हणजे तीन आर टी भागिले एम, सगळ्याचं वर्गमूळ, आणि त्यात किमती भरून एक ओळ. अडीच मिनिटं झाली. सूत्र आणि किमती कागदावर आल्या, म्हणजे गुणांचा मोठा भाग पदरात पडला, कारण पेपर तपासताना टप्प्याटप्प्यानं गुण देतात.

आता लॉग. ३ चा लॉग ०.४७७१. ८.३१४ चा ०.९१९८. ३०० चा २.४७७१. बेरीज ३.८७४०. छेदात ०.०३२ आहे, त्याचा लॉग बार दोन पॉइंट ५०५१. बार वजा करताना वरच्या आकड्यात दोन मिळवावे लागतात. म्हणजे ३.८७४० मधून ०.५०५१ गेले, उरले ३.३६८९, त्यात दोन मिळवून ५.३६८९. वर्गमूळ आहे म्हणून निम्मे करा, २.६८४५. अँटिलॉग ४८३.६. उत्तर, ४८३.६ मीटर प्रति सेकंद.

बार विसरून ३.८७४० मधून सरळ २.५०५१ वजा केले, तर येतात १.३६८९, निम्मे ०.६८४५, अँटिलॉग ४.८३६. आकडे तेच, पण दशांशचिन्ह दोन घरं चुकलं, उत्तर शंभरपटीनं कमी. यावर उपाय सोपा आहे. बार येऊच देऊ नका. छेदातला १० चा वजा तिसरा घात वर न्या, तो हजार होतो. मग वरच्या बेरजेत तीन मिळवा, ६.८७४०, आणि खाली नुसत्या ३२ चा लॉग, १.५०५१. वजाबाकी तीच, ५.३६८९. पंधरा सेकंद जास्त गेले, पण घोळ टळला.

उत्तर आल्यावर एकदा त्याच्या आकाराकडं बघा. रेणुभार ३२ तसाच भरला, तर उत्तर १५.३ येतं. म्हणजे ताशी जेमतेम ५५ किलोमीटर, आपली लाल एसटी पळते तेवढं. नेहमीच्या तापमानाला ऑक्सिजनचे रेणू सेकंदाला काहीशे मीटर जातात. तापमान २७ च ठेवलं, तर उत्तर साधारण १४५ येतं. हे दिसायला बरोबर वाटतं, म्हणून जास्त फसवं. त्यासाठी किमती भरलेल्या ओळीत ३०० लिहिलंय का, हेच बघावं लागतं. सगळं मिळून साडेसहा मिनिटं.

अडकलात तर? तीन गुणांच्या उदाहरणात चार मिनिटं झाली आणि किमती भरून झाल्या नाहीत, तर थांबा. जेवढं सूत्र लिहिलंय ते राहू द्या, सात-आठ ओळी मोकळ्या सोडा आणि पुढच्या प्रश्नावर जा. किमती भरून झाल्यात, पण लॉगमध्ये उत्तर विचित्र येतंय, तर दुसऱ्यांदा लगेच लॉग टेबल उघडू नका. त्याच डोक्यानं तीच चूक पुन्हा होते. ते काम शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी ठेवा. सी मध्ये अशी दोनच उदाहरणं ठेवायची परवानगी स्वतःला द्या. तिसरं अडकलं, तर निवड चुकली असं समजा, आणि उरलेल्या चारांपैकी एखादा थिअरीचा प्रश्न घ्या.

आणखी एक छोटी गोष्ट. पुरवणी लागणार असेल, तर दोन पानं शिल्लक असतानाच हात वर करा. पर्यवेक्षक येईपर्यंतची मिनिटं बी मधल्या एखाद्या प्रश्नाएवढी होतात. आणि क्रम बदलून लिहिताना प्रत्येक नव्या पानावर सेक्शनचं नाव आणि प्रश्न क्रमांक ठळक लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला शोधत बसावं लागणार नाही.

पावणेदोनला राहिलेली न्यूमेरिकल उघडा. आधी ज्यात फक्त आकडेमोड बाकी आहे ते, मग ज्यात सूत्राच्या पुढं गाडी गेली नव्हती ते. त्यानंतर प्रत्येक उत्तरापुढं एकक आहे का, यावरून फक्त नजर फिरवा. एवढं झालं, की ए मधल्या त्या मोकळ्या दोन-दोन ओळींवर या. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. चार पर्यायांतले जे नक्की नाहीत ते काढून टाका, उरलेल्यातला एक अक्षरासकट लिहा आणि मगच पुरवणीची गाठ मारा.