ट्रक रिकामा होताना

(दृश्य: पारोळा. धुळे-जळगाव महामार्गालगतचं पाईप आणि ठिबकचं दुकान. सकाळचे सात. ट्रकवरची ताडपत्री सुटते आहे.)

आखाजी होऊन आठवडा झालाय. कापसाच्या लागवडीआधी पाईपलाईन उरकून घ्यायची म्हणून शेतकऱ्यांची दुकानावर ये-जा सुरू झाली आहे. हे दुकान माझ्या मामांचं. काउंटरला मामा बसतात, पण मालाच्या आवकीचा सगळा कारभार आप्पांकडे. आप्पा इथले जुने मुनीम.

ट्रक लागला की ड्रायव्हर सगळ्यात आधी कागद पुढे करतो. चलान, म्हणजे पाठवलेल्या मालाची यादी, आणि बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती. "आप्पा, सही देऊन टाका. माल उतरत राहील, मला पुढे चाळीसगाव गाठायचंय." आप्पा दोन्ही कागद घेतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि म्हणतात, "चहा घे बाबा. सही शेवटच्या पाईपानंतर."

ड्रायव्हरबद्दल त्यांच्या मनात काही नाही. पण बिल्टीवर कोरी सही झाली, की माल पूर्ण आणि धड पोहोचला असाच तिचा अर्थ लावला जातो. ट्रक गेल्यावर दोन पाईप कमी निघाले, तर ते वाटेत पडले, कारखान्यातूनच आले नाहीत की आपल्याच गोदामातून गेले, हे सांगणारा कागद उरत नाही.

(दृश्य: आप्पांची आवक वही. आडवं पान, पाच रकाने.)

वहीतले रकाने असे: मागवला, चलानावर, आला, खराब, स्वीकारला. आज आपण या पाच रकान्यांतून फक्त एका मालाचा माग काढणार आहोत. 90 मिलिमीटरचा, म्हणजे गावाच्या भाषेत तीन इंची पीव्हीसी पाईप. खरेदी ऑर्डरवर 120 नग. चलानावर 100 नग.

म्हणजे पहिला फरक ट्रकचा फाळका उघडायच्या आतच सापडला. पण याला तूट म्हणायचं नाही. पुरवठादाराने 20 नग पाठवलेच नाहीत, त्यांचं बिलही केलेलं नाही. आप्पा त्यासमोर "बाकी 20" लिहितात. ऑर्डर तेवढ्यापुरती उघडी राहते. हे 20 पुढच्या गाडीत हवे आहेत की ऑर्डर इथेच बंद करायची, हे मामा दुपारी फोनवर ठरवतील.

आता मोजणी. मोजायला उभा आहे माझा मामेभाऊ, आणि त्याला चलान दाखवलेलं नाही. कागदावर 100 वाचलेला माणूस 98 वर आला की त्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं आणि तो 100 म्हणून मोकळा होतो. म्हणून त्याच्या हातात फक्त खडू. पाच पाईप आत गेले की भिंतीवर चार उभ्या रेघा आणि त्यांच्यावर एक आडवी.

(दृश्य: हमाल खांद्यावरून पाईप आत नेताहेत. भिंतीवर खडूच्या रेघा.)

तास-दीड तासाने हमालांचा मुकादम फाळक्यावरून ओरडतो, "आप्पा, दोन इंची कमी पडी ऱ्हायनात!" दोन इंची, म्हणजे 63 मिलिमीटरचे पाईप. मागवले 150, चलानावर 150, आणि भिंतीवरच्या रेघा सांगताहेत 126. चोवीस पाईप गायब. भाव विचारात घेतला तर ही रक्कम लहान नाही, मामाही काउंटर सोडून बाहेर आले.

आप्पा मात्र फोनला हात लावत नाहीत. "परत बघ रे भो, तीन इंचीच्या पोटात बघ."

पाईप म्हणजे पोकळ माल. ट्रकमध्ये जागा वाचावी म्हणून कारखान्यात मोठ्या पाईपात लहान पाईप सरकवून भरतात. नव्वदच्या आत त्रेसष्टचा पाईप त्याच्या सॉकेटसकट, म्हणजे जोडणीच्या रुंद तोंडासकट, आरामात बसतो. खांद्यावरून जाताना बाहेरून एकच पाईप दिसतो आणि मोजणारा एकच धरतो. माझा भाऊ आता थप्पीच्या टोकाशी जाऊन उकिडवा बसलाय आणि एकेका तोंडातून आत बघतोय. बरोबर चोवीस तोंडांत आत दुसरं तोंड दिसलं. दोन इंची पूर्ण 150 भरले.

आप्पांनी तेव्हाच कारखान्याला तक्रार केली असती, तर संध्याकाळी ती मागे घ्यावी लागली असती. आणि त्यानंतरच्या खऱ्या तक्रारीलाही समोरच्याने "आधी पाईपाच्या आत बघा" असंच उत्तर दिलं असतं.

तीन इंचीच्या रेघा मात्र दोनदा मोजल्या, तरी 98च. चलानावर 100, आले 98. ही खरी तूट. या दोन पाईपांचे पैसे बिलात लागलेले आहेत.

(दृश्य: तीन इंचीच्या थप्पीतून बाजूला काढलेले चार पाईप. आप्पा बोटाच्या पेराने सॉकेटवर टिचकी मारतात.)

आता खराब माल. धड पाईपावर टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो, तडा गेलेला बद्द वाजतो. या चारांपैकी दोघांना सॉकेटच्या तोंडाशी तडा आहे. तिसरा मध्येच चेपलाय, आणि चेपलेल्या जागेवर दोरखंडाचा पीळ उमटलाय. गाडी भरताना दोर जास्त आवळला गेला, हे वेगळं सांगायला नको.

चौथ्यालाही सॉकेटशीच तडा आहे. आप्पा तो उन्हात धरून फिरवून बघतात. पहिल्या दोन तड्यांच्या कडांत रस्त्याची धूळ बसली आहे. या चौथ्याची कड पांढरी, कोरी आहे. "हा आत्ता पडलाय. आपल्या हातून." मुकादम मान खाली घालतो. तासाभरापूर्वी एक पाईप फाळक्यावरून निसटला होता, हे त्यालाही आठवतंय.

मग आप्पा चौथा पाईप दाव्यातून काढून टाकतात. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो, आणि त्यामागे हिशोबही आहे. कारखान्याचा माणूस माल बघायला आला आणि चारांतला एक ताजा फुटलेला निघाला, तर उरलेल्या तिघांबद्दलही तो वाद घालेल.

तर खराब 3, स्वीकारले 95. आपल्या हातून फुटलेला एक याच 95 मध्ये आहे. त्याचे पैसे आपणच देणार, म्हणून विकायला उरले 94.

लहानपणी मी पाहिलेली चूक इथेच व्हायची. आमच्या घरच्या दुकानात वडील सगळं एका ओळीत लिहायचे: "25 नग कमी." एकशेवीस मागवले, पंच्याण्णव लागले, गणित बरोबर. पण ते वाचून पुरवठादार म्हणायचा, वीस तर आम्ही पाठवलेच नव्हते, पाच कुठले म्हणता? आणि त्या पाचांतले किती आले नाहीत नि किती फुटले, हे वडिलांनाही महिन्याभराने सांगता यायचं नाही. बाकी 20, तूट 2, खराब 3. तिघांची उत्तरं वेगळी आहेत, म्हणून जागाही वेगळ्या.

(दृश्य: बिल्टीच्या ट्रान्सपोर्टच्या प्रतीवर आप्पा शेरा लिहिताहेत. कॅमेरा अक्षरांवर.)

आता सही. त्याआधी शेरा: "90 मिमी पाईप चलान 100, प्रत्यक्ष 98, तूट 2. आलेल्या 98 पैकी 3 खराब : 2 सॉकेटला तडा, 1 दोराने चेपलेला. 63 मिमी 150 पूर्ण." तारीख, वेळ, गाडीचा नंबर. हाच मजकूर आपल्या प्रतीवरही, आणि त्याखाली ड्रायव्हरची सही. "माल तपासणीच्या अधीन स्वीकारला" असा मोघम शिक्का बरेच जण मारतात. पण काय कमी आणि काय फुटलं, हे त्यातून कळत नाही, त्यामुळे वादात त्याचा आधार तोकडा पडतो.

तीन पाईपांचे फोटो गाडी हलायच्या आत निघाले. एका फोटोत पाईप आणि मागे गाडीची नंबरप्लेट, एकात तडा जवळून. मग ते तीन पाईप सावलीत वेगळे ठेवले, प्रत्येकावर चलानाचा नंबर खडूने. उन्हात पंधरा दिवस पडलेला पाईप वाकतो, आणि तुमच्याकडे खराब झाला म्हणायला समोरच्याला जागा मिळते. सॉकेट कापून उरलेला पाईप विकायचा मोहही आज आवरायचा. पुरवठादाराने भावात सूट मान्य केली तर पुढे कापता येईल.

तूट कोणाच्या माथी, हे ऑर्डरच्या अटीवर ठरतं. ही ऑर्डर दुकानपोच आहे, म्हणून मामा थेट पुरवठादाराशी बोलतील. ऑर्डर कारखान्यातून उचलण्याची असती, तर माल ट्रान्सपोर्टच्या हवाली झाला की तो साधारणपणे खरेदीदाराला मिळाल्यासारखाच धरला जातो, आणि मागणी ट्रान्सपोर्टकडे न्यावी लागली असती. तिथे मुदत आहे. 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार वाहतूकदारावर दावा लावण्याआधी त्याला लेखी नोटीस द्यावी लागते, तीही माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांत. दिवस बुकिंगपासून मोजतात, माल पोहोचल्यापासून नाही.

पुरवठादाराच्या बाबतीतही गप्प राहणं महागात पडतं. 1930 चा माल विक्री कायदा सांगतो, की माल ठेवून घेतला आणि वाजवी वेळेत नकार कळवला नाही, तर तो स्वीकारलाच असं धरतात. म्हणून पत्र आजच जातं, फोटो आणि शेरा मारलेल्या बिल्टीच्या प्रतीसह.

(दृश्य: काउंटर. मामा आकडेमोड करताहेत.)

नगाचा भाव समजा 600 रुपये. पाच पाईपांचे 3,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 540, एकूण 3,540. ही रक्कम मामा बिलातून परस्पर कापून घेत नाहीत. ते पुरवठादाराकडे क्रेडिट नोट मागतात, म्हणजे बिलातली तेवढी रक्कम कमी केल्याचा त्याचा कागद. आपण आपल्या वहीत डेबिट नोट टाकली, तरी पुरवठादाराचा कर कमी होतो तो त्याच्या क्रेडिट नोटनेच. आणि जो माल दुकानात आलाच नाही, त्यावरचा कर आपल्याला वजावट म्हणून घेता येत नाही.

(दृश्य: दहा दिवसांनी. तीच वही, तेच पान.)

क्रेडिट नोट आली. पाच नगांची. आप्पा तिचा नंबर तूट 2 आणि खराब 3 यांच्यासमोर लिहितात आणि दोन्ही ओळींवर रेघ मारतात. तीन फुटके पाईप कारखान्याच्या परतीच्या गाडीत चढले. बाकी 20 ची ओळ अजून उघडी आहे. बाहेर हॉर्न वाजतो, आप्पा खडू उचलतात.