पैसे कापले गेले, पण पोहोचले नाहीत

(सांगलीतल्या व्यापारी आणि नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. माझी नोकरीची बरीच वर्षं बँकेच्या ताळमेळ विभागात गेली. एकाच्या खात्यातून गेलेली रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली का, हे याद्या समोर ठेवून जुळवत बसायचं, हेच त्या विभागाचं काम. त्यामुळे आजच्या विषयावर मी बँकेच्या आतल्या टेबलावरून बोलणार आहे.

आधी एक उदाहरण घेऊ. आपल्या मार्केट यार्डातले एक हळदीचे अडते. गुरुवारी संध्याकाळी पावणेसातला त्यांनी ट्रकवाल्याला भाड्याचे 14,000 रुपये यूपीआयनं पाठवले. त्यांचं खातं एका मोठ्या बँकेत, ट्रकवाल्याचं जतकडच्या एका छोट्या सहकारी बँकेत. अडत्यांना पैसे कापल्याचा मेसेज लगेच आला. ॲपवर थोडा वेळ चक्र फिरत राहिलं आणि मग व्यवहार यशस्वी असं दिसलं. ट्रकवाला म्हणतोय, "अण्णा, माझ्याकडं पैसं आल्यालं न्हाईत." त्याला डिझेल भरून रात्रीच निघायचंय. दोघंही खरं बोलतायत आणि दोघांचाही एकमेकांवर संशय आहे. अशा वेळी हे 14,000 रुपये नेमके असतात कुठे?

त्यासाठी पैसे पाठवताना काय काय होतं ते क्रमानं बघू. तुम्ही पिन टाकता तेव्हा ॲप यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेकडे निरोप धाडतं. ती यंत्रणा समोरच्याचं खातं कुठल्या बँकेत आहे हे शोधते. मग तुमच्या बँकेला सांगते, "या खात्यातून 14,000 कापा." तुमची बँक पैसे कापते आणि "कापले" असं उत्तर देते. हे उत्तर आल्यावरच दुसरा निरोप निघतो, समोरच्या बँकेला: "त्या खात्यात 14,000 जमा करा." तिचं "जमा केले" असं उत्तर आलं की तुमच्या ॲपवर हिरवी खूण दिसते. म्हणजे कापणं आणि जमा होणं ही दोन वेगळ्या बँकांत घडणारी दोन वेगळी कामं आहेत आणि कापणं नेहमी आधी होतं. एनपीसीआयकडे पैसे थांबत नाहीत, तिथून फक्त निरोप जातात-येतात. बँकांनी एकमेकांना द्यायच्या रकमेचा हिशोब दिवसातून अनेक फेऱ्यांमध्ये होतो आणि तो रिझर्व्ह बँकेत असलेल्या बँकांच्या खात्यांमधून चुकता केला जातो.

आता समोरच्या बँकेनं स्पष्ट नकार दिला, म्हणजे खातं बंद आहे किंवा गोठवलेलं आहे असं कळवलं, तर प्रश्न सोपा आहे. तुमच्या बँकेला पैसे परत टाकायचा निरोप जातो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत रक्कम परत येते. खरी अडचण होते ती समोरची बँक काहीच बोलत नाही तेव्हा.

बँकेनं उत्तर किती वेळात द्यायचं याला मर्यादा आहे. पूर्वी ती तीस सेकंद होती, 2025 च्या जूनपासून पंधरा सेकंदांवर आणली गेली. आपल्या उदाहरणात सहकारी बँकेकडून त्या वेळात उत्तर आलं नाही. कारणं अनेक असू शकतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगाराची गर्दी असते, रात्री दिवसअखेरची प्रक्रिया चालू असते. बऱ्याच छोट्या बँका एखाद्या मोठ्या बँकेच्या मार्फत या जाळ्याला जोडलेल्या असतात. म्हणजे निरोपाला आणखी एक टप्पा ओलांडावा लागतो आणि तो टप्पा अडखळला तरी उत्तर येत नाही.

इथे जरा थांबून विचार करा. उत्तर आलं नाही, एवढ्यावरून काय कळतं? कदाचित निरोप त्या बँकेपर्यंत पोहोचलाच नसेल. कदाचित पोहोचला असेल, पण जमा करण्याचं काम मध्येच अडकलं असेल. किंवा पैसे ट्रकवाल्याच्या खात्यात रीतसर जमा झाले असतील आणि फक्त "जमा केले" हे उत्तर वाटेत हरवलं असेल. बाहेरून तिन्ही गोष्टी अगदी सारख्याच दिसतात. समजा यंत्रणेनं हे मौन म्हणजे नकार धरला आणि अडत्यांना 14,000 परत दिले. खरी गोष्ट तिसरी असेल, तर पैसे अडत्यांकडेही असतील आणि ट्रकवाल्याकडेही. कुठल्या तरी बँकेच्या खिशातून 14,000 गेले. रोज कोट्यवधी व्यवहार होतात तिथे असं होऊ देऊन चालणार नाही.

म्हणून नियम असा आहे की जमा करण्याच्या निरोपाला उत्तर आलं नाही, तर पैसे जमा झाले असं मानायचं. तशी नोंद होते आणि पुढच्या हिशोबाच्या फेरीत ते 14,000 ट्रकवाल्याच्या बँकेच्या नावे धरले जातात. या नियमामुळेच अडत्यांच्या ॲपवर यशस्वी दिसलं. माझ्या मते हे त्या पडद्यावर याहून स्पष्ट लिहायला हवं. "समोरच्या बँकेच्या उत्तराची वाट पाहत आहोत" एवढं वाक्य आलं असतं, तरी यार्डातली निम्मी भांडणं टळली असती.

आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. एकदा ती हिशोबाची फेरी झाली की पैसे अडत्यांच्या बँकेकडे राहत नाहीत आणि मधे कुठे लटकतही नाहीत. ते ट्रकवाल्याच्या बँकेकडे पोहोचलेले असतात, फक्त ट्रकवाल्याच्या खात्यात चढायचे असतात. प्रत्येक फेरीनंतर बँकेला व्यवहारांची यादी मिळते. तिथला ताळमेळ बघणारा माणूस ती यादी आपल्या पुस्तकाशी पडताळतो. यादीत 14,000 आहेत आणि खात्यात नोंद नाही असं दिसलं, की तो एक तर ती रक्कम खात्यात जमा करतो आणि तसं कळवतो, नाहीतर पाठवणाऱ्याच्या बँकेला परत करतो. हे काम मी स्वतः केलेलं आहे. नोंद सापडायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो यादी हातात घेण्याला.

याच्या उलट प्रकारही समजून घ्या, कारण त्यात ॲपवर उलटं दिसतं. समजा मौन पहिल्या पायरीवरच झालं. तुमच्या बँकेनं पैसे कापले, पण "कापले" हे उत्तर वेळेत गेलं नाही. तेव्हा यंत्रणा पैसे कापलेच नाहीत असं धरते, दुसरा निरोप पाठवतच नाही, आणि तुमच्या बँकेला कापले असतील तर परत टाका असं सांगते. ॲपवर व्यवहार अयशस्वी दिसतो आणि मेसेज मात्र पैसे कापल्याचा असतो. अशा वेळी समोरच्या बँकेला त्या व्यवहाराची काही माहितीच नसते, पैसे तुमच्याच बँकेत असतात. दोन्ही नियमांमागचा विचार एकच आहे: एखाद्याला थांबावं लागलं तरी चालेल, पण तीच रक्कम दोघांच्या हातात जाता कामा नये.

यावरून कुठल्या बँकेच्या दारात जायचं ते ठरतं. ॲप अयशस्वी म्हणतंय आणि पैसे कापलेत, तर पाठवणाऱ्यानं आपल्या बँकेकडे विचारायचं. ॲप यशस्वी म्हणतंय आणि पैसे मिळाले नाहीत, तर तक्रार पाठवणाऱ्यानं ॲपमध्ये करायचीच, पण त्याच वेळी घेणाऱ्यानंही आपल्या बँकेत जायचं. ट्रकवाल्यानं हातात बारा अंकी यूटीआर क्रमांक घेऊन जावं. अडत्यांच्या ॲपवर व्यवहाराच्या तपशिलात तो असतो. स्क्रीनशॉट दाखवून बँकेतल्या माणसाला काही शोधता येत नाही, या क्रमांकावरून येतं. नुसतं प्रक्रियेत आहे असं दिसत असेल तर निकाल लागेपर्यंत थांबायचं, ते यशस्वी किंवा अयशस्वी यांपैकी एका बाजूला जातंच.

बँकेत जाण्याआधी घेणाऱ्यानं दोन गोष्टी तपासाव्यात. मेसेज आला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असं नसतं, मेसेज स्वतंत्र वाटेनं येतो आणि उशिरा येऊ शकतो. खात्याचा उतारा बघा. आणि मोबाइल नंबरवर पैसे पाठवले असतील, तर ते त्या नंबरला मुख्य म्हणून जोडलेल्या खात्यात जातात. दोन-तीन बँकांत खाती असलेले लोक भलतंच खातं बघत बसतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

आता अडत्यांनी त्या रात्री काय करावं? आपल्याकडे ट्रकवाल्याची अडचण बघून माणूस लगेच 14,000 रोख काढून देतो, किंवा पुन्हा यूपीआय करतो. शुक्रवारी सकाळी पहिले पैसेही जमा होतात. एकदा समोरच्या खात्यात जमा झालेली रक्कम पाठवणाऱ्याच्या बँकेला परस्पर ओढून घेता येत नाही, ट्रकवाल्यानं स्वतः परत करावी लागते. तो भला असेल तर करेल, पण तोवर गाडी कर्नाटकात पोहोचलेली असते. म्हणून डिझेलपुरती उचल द्यावी, यूटीआर क्रमांक लिहून त्याची सही घ्यावी, आणि भाड्याचे पैसे जमा झाले की उचल वळती करायची असं ठरवावं.

किती दिवस थांबायचं, यालाही नियम आहे. रिझर्व्ह बँकेनं 20 सप्टेंबर 2019 ला परिपत्रक काढलं. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे जमा करता आले नाहीत, तर घेणाऱ्याच्या बँकेनं ते जास्तीत जास्त दुसऱ्या दिवशीपर्यंत परत केले पाहिजेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. आपला व्यवहार गुरुवारचा, म्हणून मुदत शुक्रवारची आणि भरपाई शनिवारपासून. दिवस कॅलेंडरचे धरायचे, रविवारची सूट नाही. दुकानात दिलेले पैसे कापले गेले आणि दुकानदाराला व्यवहार झाल्याचं कळलंच नाही, तर मात्र मुदत पाच दिवसांची आहे.

ही भरपाई ग्राहकानं न मागता द्यायची, असं त्याच परिपत्रकात आहे. तरी तक्रारीत तारीख आणि यूटीआर लिहून ती मागा. तक्रार ॲपमध्ये किंवा बँकेत करा. गुगलवर सापडलेल्या कस्टमर केअर नंबरवर करू नका, तिथे अडकलेले पैसे परत देतो म्हणून पिन टाकायला लावणारे बसलेले असतात. पैसे परत येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या पत्त्यावर तक्रार नोंदवता येते. तिथे आधी बँकेकडे केलेल्या तक्रारीचा पुरावा मागतात, म्हणून बँकेत तोंडी सांगून परत येऊ नका. अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.