मान हलते, अक्षर का हलत नाही?

(दृश्य : जुनी लोखंडी कॉट. उशाकडचे उभे गज. उशीवर उघडं पुस्तक.)

1952 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांनी स्वतःच्याच आजारपणाची हकीकत लिहिली. नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं होती : जे. सी. गुडघ्याच्या क्षयासाठी त्यांना स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली जात होती. त्यानंतर पलंगावर पडून पुस्तक उघडलं की पानावरची अक्षरं नाचायला लागायची. डोळे तर ठणठणीत होते. आणि अक्षरं नाचत होती ती नाडीच्या ठोक्याबरोबर.

हृदयाचा ठोका पडला की रक्ताच्या धक्क्यानं डोकं किंचित हलतं. तुमचंही आत्ता हलतंय. तरीही तुम्हाला पान स्थिर दिसतं आणि त्यांना दिसत नव्हतं. शेवटी त्यांनी वाचण्याची एक युक्ती काढली. पलंगाच्या दोन गजांमध्ये डोकं घट्ट रोवायचं, आणि मग वाचायचं.

त्यांचं नेमकं काय हरवलं होतं?

(दृश्य : हातभर अंतरावर धरलेला मोबाइल, पडद्यावर मजकूर.)

हातातला मोबाइल डोळ्यांसमोर धरा आणि सेकंदाला दोन वेळा, डावीकडे-उजवीकडे हलवा. अक्षरं फिसकटतील. आता मोबाइल स्थिर ठेवा आणि त्याच वेगानं मान हलवा, 'नाही नाही' म्हणताना हलवतो तशी. मजकूर बऱ्यापैकी सुखानं वाचता येतो. डोळा आणि अक्षर यांच्यातली हालचाल दोन्ही वेळा सारखीच होती. मग हा फरक कुठून आला?

मोबाइल हलतो तेव्हा डोळ्यांना तो बघत बघत त्याचा पाठलाग करावा लागतो. बघणं हे काम मंद आहे. पडद्यावरची हालचाल मेंदूपर्यंत जाऊन डोळे वळायला 70 ते 100 मिलिसेकंद लागतात. मोबाइल सेकंदाला 100 अंशांच्या वेगानं सरकत असेल, तर 80 मिलिसेकंदांत तो 8 अंश सरकतो. हात लांब करून अंगठा समोर धरला तर त्याची रुंदी साधारण 2 अंश भरते. म्हणजे डोळे जागे होईपर्यंत अक्षर चार अंगठे पुढे गेलेलं असतं, आणि आपली खरी तीक्ष्ण नजर एका अंगठ्याच्या नखाएवढ्याच जागेवर असते.

मान हलते तेव्हा मात्र शरीर नजरेच्या भरवशावर राहत नाही. ते कानाला विचारतं.

(दृश्य : पाण्यानं भरलेली वाटी, वर तुळशीचं पान. वाटी हलकेच फिरवली जाते. पान जागच्या जागी.)

वाटी फिरली तरी आतलं पाणी लगेच फिरत नाही, मागे राहतं. कानाच्या आत, कवटीच्या हाडात, याच तत्त्वावर चालणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. एकमेकींशी जवळजवळ काटकोनात, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, आणि द्रवानं भरलेल्या. प्रत्येकीच्या फुगीर टोकाशी एक मऊ पडदा आडवा उभा असतो, त्याला क्युप्युला म्हणतात. मान उजवीकडे वळली की द्रव मागे रेंगाळतो, पडदा वाकतो आणि ज्यांचे बारीक केस त्यात रुतलेले असतात त्या केसपेशी मज्जातंतूला खबर देतात.

या तंतूंची एक गंमत मला फार आवडते. मान स्वस्थ असतानाही ते गप्प नसतात. माकडांमध्ये मोजलं तेव्हा सेकंदाला साधारण 90 संदेश अखंड चाललेले आढळले. मान उजवीकडे वळली की उजव्या कानाचे संदेश वाढतात आणि डाव्याचे त्याच वेळी घटतात. या फरकावरून मेंदूला दिशाही कळते आणि वेगही.

तिथून डोळ्यापर्यंतची वाट अवघ्या तीन चेतापेशींची आहे. पहिली कानातून मेंदूच्या देठापर्यंत, दुसरी तिथून डोळ्याच्या केंद्रापर्यंत, तिसरी थेट डोळ्याच्या स्नायूपर्यंत. दहाएक मिलिसेकंदांत डोळे मानेच्या उलट दिशेला, तेवढ्याच वेगानं वळतात. डॉक्टर याला व्हेस्टिब्युलो-ऑक्युलर रिफ्लेक्स म्हणतात, थोडक्यात व्हीओआर. तेवढ्याच वेगानं, हे प्रमाण लहान मेंदू सतत तपासून जुळवत असतो. चष्म्याचा नंबर बदलला की पहिले काही दिवस मान वळवताना जग डुलल्यासारखं वाटतं, त्यामागे ही जुळवाजुळव असते. काचेनं चित्र लहानमोठं केलं, की डोळे किती वळायचे याचं गणितही बदलतं.

(दृश्य : अंगणात फुगडी खेळणाऱ्या दोन मुली.)

नलिकांना एक मर्यादा आहे, आणि ती फुगडी घातलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एकाच वेगानं फिरत राहिलं की वीसेक सेकंदांत आतला द्रवही बरोबरीनं फिरू लागतो, पडदा सरळ होतो आणि कानाच्या लेखी फिरणं संपतं. मग आपण एकदम थांबतो, पण द्रव पुढे वाहतच राहतो. पडदा उलट बाजूला वाकतो. मेंदू समजतो, आपण उलटे फिरतोय. डोळे त्या खोट्या फिरण्याला उत्तर देत सरकत राहतात आणि अंगण गरगरतं. फुगडी चालू असताना मात्र मैत्रिणीच्या तोंडाकडे बघत राहिलं की बरं वाटतं, कारण तिचा चेहरा आपल्याबरोबरच फिरतो. त्यावर नजर खिळली की मेंदू व्हीओआर दाबून टाकतो.

नलिका वळणं सांगतात. सरळ रेषेतला धक्का आणि डोक्याचा कल सांगतात ते ओटोलिथ, शेजारच्या दोन पिशव्यांमधले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे. लिफ्ट सुटल्याचं डोळे मिटूनही कळतं ते त्यांच्यामुळे. हेच खडे निसटून नलिकेत शिरले, तर अंथरुणात कूस बदलताच खोली गरगरते.

(दृश्य : डॉक्टर आणि रुग्ण समोरासमोर. डॉक्टरांच्या दोन्ही हातांत रुग्णाचं डोकं.)

व्हीओआर शाबूत आहे की नाही हे तपासायला यंत्र लागतंच असं नाही. हाल्माजी आणि कर्थॉइस या संशोधकांनी 1988 मध्ये मांडलेली चाचणी अशी : रुग्णानं डॉक्टरांच्या नाकाकडे बघत राहायचं. डॉक्टर त्याचं डोकं अचानक, झटक्यानं, 10 ते 20 अंश एका बाजूला वळवतात. व्हीओआर चांगला असेल तर नजर नाकावरून हलत नाही. नसेल तर डोळे डोक्याबरोबर वाहून जातात आणि मग एक उडी मारून नाकावर परततात. डोकं ज्या बाजूला वळवल्यावर ही उडी दिसते, त्या बाजूचा कान अधू. दुसरा कान धडधाकट असूनही सांभाळून घेऊ शकत नाही, कारण त्याचे 90 संदेश घटून घटून शून्यापर्यंतच जाऊ शकतात. संथ वळणात तेवढं पुरतं, झटक्यात पुरत नाही.

जे. सी. यांच्यासारख्या रुग्णात ही उडी दोन्ही बाजूंना दिसते. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच्या कुळातलं जेंटामायसिन ही औषधं कानातल्या केसपेशी मारतात, आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. दोन्ही कानांतल्या नलिका सारख्याच निकामी झाल्या तर डावं-उजवं यांत तफावत उरत नाही, म्हणून गरगरतही नाही. अनेकदा ऐकूही नीट येत असतं. रुग्ण खाटेवर असेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. उठून चालायला लागल्यावर तो सांगतो, अंधारात पाय लटपटतात आणि चालताना सगळं वरखाली उडतं. कॅमेरा छातीशी धरून रस्त्यानं चालत चित्रण केलं तर जे दिसेल, तसं आपल्याला दिसतं, असं जे. सी. यांनी लिहिलं होतं.

(दृश्य : गर्दीचा रस्ता, डुचमळणारं चित्र. पावलं थांबतात. चित्र स्थिरावतं.)

रस्त्यावरची पाटी वाचायची तर त्यांना आधी थांबावं लागे.